जपानमधून सांगलीला परत: येन धरून ठेवावेत की रुपये करून टाकावेत?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं २०१९ च्या ऑक्टोबरपासून ओसाकात आहोत. दोघांचाही इंजिनियर व्हिसा, तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळणारा. कायमचं राहायचं नाही हे पक्कं आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२६ च्या अखेरीला किंवा २०२७ च्या सुरुवातीला सांगलीला परत. विश्रामबागेत सासऱ्यांचं जुनं घर आहे, ते पाडून नवीन बांधायचं. खर्चाचा अंदाज ६५ लाख रुपये.

दोघांचे मिळून ९० लाख येन इथल्या बँकेत साध्या बचत खात्यात पडून आहेत. आलो तेव्हा येनला ६५-६६ पैसे मिळत होते. २०२१ च्या सुरुवातीला ७० झाले, तेव्हा "अजून चढेल" म्हणून पाठवले नाहीत. २०२४ च्या जुलैत ५२ वर आले. आता ५८ च्या आसपास आहेत. नवऱ्याचं म्हणणं, ६५ येऊ दे, मग एकदम पाठवू. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही.

शिवाय दोन प्रश्न. इथली पेन्शन एकरकमी काढावी का? आणि निघायचा महिना कोणता धरावा?

भडंगप्रेमी
येनकेनप्रकारेण परत या, एवढंच सांगतो.

टेक्सासचा_तासगावकर
परदेशी चलन घाईने रुपयात आणू नये हा साधा नियम आहे. रुपया दरवर्षी तीन-चार टक्के घसरतोच. आम्ही सगळं डॉलरमध्येच ठेवलंय, ४०१(के) या इथल्या निवृत्ती खात्याला हातही लावलेला नाही. परत आल्यावर लागेल तसं आणायचं. नवऱ्याचं ऐका.

चक्रवाढ
तासगावकर, तुमचा नियम डॉलरचा आहे. तो येनला लावलात तर काय होतं ते ताईंनी वरच लिहिलंय. रुपया डॉलरपुढे घसरला हे खरं, पण त्याच काळात येन डॉलरपुढे त्याहून जोरात घसरला. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला १०३ येन पडायचे, २०२४ च्या जुलैत १६१. म्हणून रुपया कमजोर होत असतानाही सांगलीत पोचणारी रक्कम कमीच होत गेली.

विश्रामबागकर, "६५ होईल का" हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. थांबण्याची किंमत मात्र काढता येते. आज एक येन ५८ पैशांना विकून अनिवासींच्या एनआरई मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवला तर वर्षाने त्याचे ६१ पैसे आणि वर थोडे होतात. तोच येन जपानी बचत खात्यात राहिला तर व्याज नावापुरतं. म्हणजे वर्षभर थांबून येन ५८ वरून ६१-६२ ला पोचला तरी तुम्ही जिथल्या तिथेच. दोन वर्षं थांबलात तर पावणेसहासष्ट लागतात. नवरोबांना दोन वर्षांनी ६५ मिळाले तर ते जिंकल्यासारखे दिसतील, पण हिशेबात किंचित हरलेले असतील.

आडत्या
हे आमच्या हळदीचंच झालं की. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, लोक हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, भाव येईल म्हणून. भाव यायचाही. पण जुना व्यापारी "केवढ्याला विकली" असं कधी विचारायचा नाही. पेवाचं भाडं किती गेलं आणि अडकलेल्या पैशावर व्याज किती बसलं ते आधी वजा करायचा. आणि महापुराचं पाणी पेवात शिरलं त्या वर्षी भाव कितीही असून काय उपयोग.

भडंगप्रेमी
ओसाकाच्या पेवात पाणी शिरत नाही आडते, तिथे भूकंप होतो.

विश्रामबागकर
चक्रवाढ, आडत्या, आभार. हे मला घरी सांगता येईल असं आहे. पण मग सगळे ९० लाख आजच पाठवायचे का?

चक्रवाढ
नाही. आधी जे येनमध्येच खर्च होणार आहे ते वेगळं काढा. नोकरी गेली तर इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने त्या व्हिसाचं काम न करता राहिलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची किंवा सामान आवरायचं. त्या काळातलं घरभाडं, विमा, तिकिटं सगळं येनमध्ये. महिन्याचा खर्च तीन लाख येन असेल तर सहा महिन्यांचे १८ लाख येन तिथेच ठेवा. ही रक्कम रुपयात आणून संकटात परत नेणं म्हणजे दोनदा दलाली.

राहिले ७२ लाख. घर रुपयात बांधायचंय, म्हणून हे रुपयाचे पैसे समजायचे. यातले ४० लाख या डिसेंबरच्या मध्यापर्यंत तीन हप्त्यांत पाठवून वर्षाच्या एनआरई ठेवी करा. घाई एवढ्यासाठीच, की एनआरई ठेव वर्ष पूर्ण व्हायच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. आता केलेल्या ठेवी तुम्ही निघायच्या आत पिकतात. उरलेले ३२ लाख पुढचे आठ महिने चार-चार लाखांनी. भाव पडला तर सगळे वरच्या भावाने अडकले नाहीत, चढला तर थोडे तरी चढ्या भावाने गेले. मन शांत राहतं एवढाच त्याचा फायदा. नफ्याची युक्ती नाही ती.

टेक्सासचा_तासगावकर
मग एफसीएनआर का नाही? परकीय चलनातच ठेव राहते, भारतात करमुक्त.

चक्रवाढ
येनमध्ये एफसीएनआर होते, पण त्यावर व्याज जपानी बचत खात्यासारखंच किरकोळ. येनचे डॉलर करून डॉलरची एफसीएनआर केली तर व्याज बरं मिळेल, पण मग कमाई येनमध्ये, बचत डॉलरमध्ये आणि विटा-सिमेंट रुपयात. ६५ लाखांच्या घरासाठी तीन चलनं सांभाळायचं कारण नाही.

नेन्किनवाला
चक्रवाढांच्या हिशेबात एक छिद्र आहे. एनआरई व्याज भारतात करमुक्त आहे, जपानात नाही. जपानात आल्यापासून पाच वर्षांपर्यंत परदेशातलं उत्पन्न तिथे आणलं तरच कर लागतो. गेल्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षांहून जास्त राहिलं की जगभरचं उत्पन्न करपात्र, आणलं काय किंवा न आणलं काय. ताईंची पाच वर्षं २०२४ च्या ऑक्टोबरात उलटली. म्हणजे आता सांगलीच्या बँकेतलं व्याजही जपानी विवरणपत्रात दाखवायचं. भारतात कर कापलेलाच नसल्यामुळे वजावट मागायलाही काही नाही.

चक्रवाढ
बरोबर, हे माझ्याकडून सुटलं. प्राप्तिकर आणि तिथला रहिवासी कर मिळून ३० टक्के धरला तर साडेसहाचे साडेचार टक्के हातात राहतात. मग वर्षाचा बरोबरीचा भाव ६१-६२ ऐवजी साडेसाठ. वर्षापुरता निष्कर्ष बदलत नाही, फरक मात्र कमी होतो. दोन वर्षांचा बरोबरीचा भाव साडेत्रेसष्टच्या आसपास येतो, म्हणजे तेव्हा ६५ मिळाले तर नवरोबा थोडे जिंकतील.

मिरज_जंक्शन
परत आल्यावर मात्र मजा आहे. दोन वर्षं करासाठी निवासी पण सामान्य निवासी नाही असा आरएनओआर दर्जा मिळतो, तोपर्यंत एनआरई ठेवीवर भारतात कर नाही. म्हणून वर्षाच्या ठेवी कशाला, सरळ तीन वर्षांच्या करा.

चक्रवाढ
जंक्शन, यातलं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानेच लोकांना नोटिसा येतात. एनआरई व्याजाची सूट आरएनओआरशी बांधलेली नाही, फेमा या परकीय चलन कायद्याखाली तुम्ही भारताबाहेर राहणारे आहात याच्याशी बांधलेली आहे. कायमचं राहायला म्हणून उतरलात की तो दर्जा गेला. बँकेला कळवून खातं निवासी करून घ्यायचं. ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालू राहते, पण त्या दिवसापासूनचं व्याज करपात्र. आरएनओआरमध्ये सूट राहते ती एफसीएनआर आणि आरएफसी, म्हणजे निवासींच्या परकीय चलन खात्यावरच्या व्याजाला, आणि परदेशात मिळालेल्या बहुतेक उत्पन्नाला.

दोन वर्षं हा आकडा ताईंच्या बाबतीत मात्र बरोबर येतो. दरवर्षी २५ दिवस सुट्टीवर येतात आणि २०२६ च्या डिसेंबरअखेरीस उतरतात असं धरू. २०२६-२७ मध्ये भारतात साधारण सव्वाशे दिवस भरतील. १८२ च्या आत आहेत, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसही झालेले नाहीत, म्हणून ते वर्ष अनिवासी. २०२७-२८ साठी मागच्या सात वर्षांतले भारतातले दिवस मोजायचे. ते ७२९ च्या फार खाली, म्हणून आरएनओआर. २०२८-२९ साठी त्यात २०२७-२८ चे ३६६ दिवस मिळवले तरी सहाशेच्या घरात, पुन्हा आरएनओआर. २०२९-३० मध्ये ७२९ ओलांडले, सवलत संपली. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन दिवस मोजा, अंदाजाने नको.

आडत्या
एवढ्या ठेवी-बिवी करण्यापेक्षा तासगावकडे दोन एकर द्राक्षबाग घेऊन ठेवा की ताई. जमीन कुठं पळून जात नाही.

वकीलीण_कुपवाड
पळून जाणार नाही, पण त्यांच्या नावावर होणारही नाही. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, फक्त वारसाहक्काने येते. परत येऊन निवासी झाल्यावर घ्या, तेव्हाही शेतकरी असल्याचा दाखला लागेलच.

खरी गोष्ट कुणी विचारली नाही. घर सासऱ्यांच्या नावावर, ६५ लाख तुमचे. दीर-नणंदा आहेत का? येनच्या भावापेक्षा ही जोखीम मोठी आहे. निवासी घर मुलाला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च निराळा. घर अनिवासी मुलाने वडिलांकडून बक्षीस घ्यायला अडचण नाही. पाया खणायच्या आधी बक्षीसपत्र, नंतर नाही.

विश्रामबागकर
एक नणंद आहे, कोल्हापूरला. बोलणं अवघड आहे पण करावं लागेल. हे डोक्यातच नव्हतं.

भडंगप्रेमी
धागा येनवर होता, निघाली नणंद.

नेन्किनवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. आधी महिना. जपानातला रहिवासी कर १ जानेवारीला तुम्ही तिथे राहत होता की नाही यावर ठरतो, आणि तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. २०२७ च्या १ जानेवारीला ओसाकाच्या वॉर्ड ऑफिसात तुमची नोंद असेल तर २०२६ च्या अख्ख्या पगारावरचा कर देणं आलं. वर्षाचा पगार साठ लाख येन असेल तर हा कर तीन लाखांच्या आसपास, आणि तुम्ही दोघं आहात. डिसेंबरात खरोखर निघालात तर तो लागतच नाही. नुसता पत्ता हलवून मार्चपर्यंत राहायचं असला उद्योग करू नका, प्रत्यक्ष वास्तव्य पाहिलं जातं.

डिसेंबरात हिवाळी बोनसही येतो. म्हणून बोनस जमा झाला की राजीनाम्याची शेवटची तारीख आणि ३१ च्या आत विमान. २०२५ च्या उत्पन्नावरचा कर मात्र २०२७ च्या मेपर्यंत हप्त्यांनी चालू असतो. तो माफ होत नाही. शेवटच्या पगारातून एकदम कापून घ्यायला सांगा, नाहीतर मागे चिठ्ठ्या येत राहतील.

विश्रामबागकर
हे भारीच. आम्ही मार्च धरत होतो, तिथलं आर्थिक वर्ष संपतं म्हणून. आणि पेन्शन?

नेन्किनवाला
एकरकमी परतावा कितीही वर्षं भरली तरी सध्या ६० महिन्यांपुरताच मिळतो. तुमची सात वर्षं होतील, वरची दोन बुडाली. मर्यादा आठ वर्षांवर नेणारी दुरुस्ती २०२५ मध्ये मंजूर झाली आहे, पण अंमल अजून व्हायचा आहे, तिच्या भरवशावर बेत आखू नका. पगार-बोनस मिळून सरासरी महिना चार लाख येन धरला तर साडेपाच पट, म्हणजे २२ लाख येन. त्यातून २०.४२ टक्के, साडेचार लाखांच्या जवळपास, आधीच कापून घेतात.

हे कापलेले बहुतेकांना पूर्ण परत मिळू शकतात, पण बरेच लोक सोडून देतात. निघायच्या आधी करकार्यालयात एक कर-प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म द्यायचा, त्याला तिकडे नोझेई-कान्रिनिन म्हणतात. जपानात राहणारा विश्वासू मित्रही चालतो. पैसे आले की कापल्याची मूळ पावती तुम्हाला सांगलीला पोस्टाने येते. ती त्याला पाठवायची, तो विवरणपत्र भरतो, परतावा त्याच्या जपानी खात्यात जमा होतो. सात वर्षांच्या नोकरीला निवृत्तीची वजावट २८ लाख येन बसते, तुमची रक्कम २२ लाख, म्हणजे कर शून्य. ही पावती हरवली की सगळं अडतं, म्हणून सांगलीचा पत्ता पिनकोडसह स्वच्छ लिहा.

मुख्य अर्ज वॉर्ड ऑफिसात देश सोडल्याची नोंद केल्यावर आणि दोन वर्षांच्या आत करायचा.

मिरज_जंक्शन
मग काढायचीच की. फुकटचे २२ लाख.

नेन्किनवाला
थांबा. काढली की तो सगळा काळ पुसला जातो, पुढे जपानी पेन्शनचा हक्क नाही. एरवी पेन्शनला दहा वर्षं लागतात, सात वर्षांना मिळत नाही. पण भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, आणि त्यात पात्रतेसाठी भारतातला पीएफचा काळ जोडता येतो. ताई, जपानला यायच्या आधी तुमचा पीएफ होता का?

विश्रामबागकर
माझा होता, पुण्यात चार वर्षं. ह्यांचा नव्हता, कुपवाडच्या एमआयडीसीत छोट्या वर्कशॉपमध्ये होते, तिथे पीएफच नव्हता.

नेन्किनवाला
मग दोघांचं उत्तर वेगळं येतं. त्यांची सातच वर्षं, पात्रता होत नाही, त्यांनी एकरकमी घ्यावी. तुमची सात आणि चार अकरा. तुमची सरासरी तीन लाख येन धरली तर एकरकमी साडेसोळा लाख येन. न काढता ठेवली तर ६५ व्या वर्षापासून आजच्या दराने वर्षाला पावणेतीन-तीन लाख येन, तहहयात. म्हणजे सहा वर्षांत एकरकमीइतके वसूल.

चक्रवाढ
पण ते येनमध्ये, तीस वर्षांनी. धाग्याची सुरुवात कुठे झाली होती ते आठवा. ५२ आणि ७० पैशांमधला फरक फक्त साडेतीन वर्षांतला होता. आज घेतलेले साडेसोळा लाख घरात घालता येतात आणि गृहकर्ज तेवढं कमी होतं.

नेन्किनवाला
आणि पेन्शन जपानातली महागाई पाहून थोडीफार वाढते, बचत खातं वाढत नाही. सगळं सांगलीच्या विटांत घालायचं की म्हातारपणी एक छोटा ओघ दुसऱ्या चलनात ठेवायचा, हा स्वभावाचा प्रश्न आहे. मी ठेवली असती.

वकीलीण_कुपवाड
एक अडचण. पुण्याचा पीएफ सोडताना पेन्शनचा भागही काढून घेतला असेल, फॉर्म १०सी भरून, तर ती चार वर्षं मोजतील का? बहुतेक मुली नोकरी सोडली की तेच करतात.

विश्रामबागकर
अगं बाई. पीएफचे पैसे काढलेत एवढं आठवतंय. पेन्शनचं भरलं होतं की नाही, पासबुक बघावं लागेल.

नेन्किनवाला
काढलं असेल तर मी हमी देणार नाही. पीएफ ऑफिसकडून सेवाकाळाचं लेखी प्रमाणपत्र मागा, उत्तर येईपर्यंत एकरकमीचा अर्ज करू नका. दोन वर्षं हातात आहेत.

चक्रवाढ
नवरोबांच्या २२ लाखांबद्दल अजून एक. निघाल्यावर अर्ज, त्यामुळे पैसे येतील तेव्हा तुम्ही सांगलीत असाल. अनिवासी किंवा आरएनओआर असलात तरी जे उत्पन्न पहिल्यांदा भारतातच हातात पडतं ते करपात्र धरता येतं. म्हणून ते थेट सांगलीच्या खात्यात मागवायचे की आधी परदेशातल्या खात्यात, हा प्रश्न महत्त्वाचा.

नेन्किनवाला
व्यवहारात जपान सोडताना बँका खातं बंद करायला लावतात. बहुतेक जण भारतातलंच खातं देतात.

चक्रवाढ
देतात म्हणून बरोबर ठरत नाही. दोन्ही देशांच्या करारातलं पेन्शनचं कलम इथे कसं लागतं यावर दोन सीए दोन मतं देतील. अर्जात खातं लिहायच्या आधी एकाकडून लेखी घ्या.

टेक्सासचा_तासगावकर
एवढ्या भानगडी? आमच्याकडे डॉलर बरा.

भडंगप्रेमी
तुमच्या ४०१(के) चा वेगळा धागा काढा, तिथे भडंग घेऊन येतो.

आडत्या
पाठवायचं कशातून ते कुणी सांगितलंच नाही. बँकेतून का त्या ॲपवाल्यांकडून?

नेन्किनवाला
बहुतेक ॲपवाल्यांना एका वेळी दहा लाख येनपर्यंतच पाठवता येतं, महिन्याच्या चार लाखांच्या हप्त्याला ते पुरतं. ४० लाखांचे तुकडे दोघांच्या नावाने करा. "शुल्क शून्य" या पाटीकडे बघू नका. एकाच दिवशी, एकाच तासात दोन्हीकडे चार लाख टाकून पाहा आणि खात्यात किती रुपये पडतील तेवढा एकच आकडा ताडून बघा. मायनंबर, म्हणजे जपानी ओळख क्रमांक, दोघांचाही लागेल.

विश्रामबागकर
ह्यांना आडत्याकाकांचा पेवाचा हिशेब वाचून दाखवला. "भाडं" हा शब्द ऐकल्यावर ६५ चा हट्ट जरा ढिला झालाय. पहिले साडेतेरा लाख या आठवड्यात, दोघांच्या नावाने पाठवतोय. डिसेंबरची तारीखही ठरली, बोनस बहुधा दहाला, विमान २७ ला. पीएफ पासबुक उघडलं, पण जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे, ओटीपी कुणा तिऱ्हाइताला जातोय.

वकीलीण_कुपवाड
तो नंबर आधी बदला. आणि नणंदेला फोन?

विश्रामबागकर
दिवाळीला जाणार आहोत. तिथे बोलू.